दोन मुले, दोन तारखा: चाळिशीतल्या घराचे इक्विटी आणि डेट

गुंतवणुकीविषयी चार लोकांत बोलणे निघाले की ‘शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढे टक्के इक्विटीत ठेवा’ हा ठोकताळा कोणीतरी सांगतोच. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला हा नियम छप्पन्न टक्के शेअर बाजारात आणि चव्वेचाळीस टक्के ठेवी, भविष्य निर्वाह निधी अशा स्थिर व्याजाच्या साधनांत, म्हणजे डेटमध्ये, ठेवायला सांगतो. एकट्या माणसाला तो चालूनही जाईल. पण घरात दोन मुले असतील आणि त्यांच्या वयांत पाच-सहा वर्षांचे अंतर असेल, तर वडिलांच्या वयाला फारसा अर्थ उरत नाही. पैसा लागण्याच्या तारखा मुलांच्या वयावर ठरतात, आणि वाटप त्या तारखांवरून करावे लागते. माझ्या धाकट्या बहिणीच्या घराचा हिशेब आम्ही तिघांनी मिळून मांडला, तेव्हा हे मला आकड्यांत स्पष्ट दिसले. त्या दोघांच्या परवानगीने, आकडे सोयीसाठी पूर्णांकात आणून, तोच हिशेब इथे मांडतो आहे.

बहीण नाशिकला एका खासगी शाळेत शिक्षिका आहे आणि मेहुणे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरीला आहेत. मेहुण्यांचे वय चव्वेचाळीस, बहिणीचे एकेचाळीस. मुलगी दहावीत आहे, मुलगा चौथीत. घराचे कर्ज नुकतेच फिटले आहे, त्यामुळे महिन्याला अठ्ठावीस हजारांचा हप्ता मोकळा झाला आहे, आणि या सगळ्या चर्चेला निमित्त तोच झाला. मेहुण्यांना मुदतीचा आयुर्विमा आहे, कुटुंबाला आरोग्य विमा आहे. या दोन गोष्टी नसत्या तर इक्विटी-डेटचे बोलणे मी बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे वळलो असतो.

“आमचे साठ टक्के आधीच म्युच्युअल फंडात आहेत, दादा,” मेहुणे म्हणाले. “आता हा हप्ता बँकेत ठेवीत टाकावा म्हणतो. वयाप्रमाणे सुरक्षित बाजू वाढवायला हवी ना?”

साठ टक्के हा आकडा त्यांनी असा काढला होता: इक्विटी फंडांत बावीस लाख, बँकेच्या मुदत ठेवींत चौदा लाख, एकूण छत्तीस. छत्तीसातले बावीस म्हणजे साठ टक्क्यांच्या थोडे वर. हिशेबात चूक काहीच नव्हती, फक्त पगारातून परस्पर कापला जाणारा पैसा त्यांनी धरलाच नव्हता. दोघांच्या भविष्य निर्वाह निधीत मिळून सव्वीस लाख जमले होते. मेहुण्यांच्या पीपीएफमध्ये नऊ लाख होते आणि मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात आणखी नऊ. ही तिन्ही खाती डेटच आहेत, आणि तीही चांगल्या प्रतीची: पीएफला अलीकडे सव्वाआठ टक्के व्याज मिळाले आहे, सुकन्या खात्याला जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के मिळते, आणि पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे. हे सगळे धरले की एकूण पैसा ऐंशी लाख होतो आणि त्यातली इक्विटी बावीस लाखच राहते, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. साठ टक्के इक्विटीचा धोका आपण पत्करला आहे, असे समजणारे हे कुटुंब प्रत्यक्षात जवळजवळ तीन चतुर्थांश डेटमध्ये बसलेले होते.

पगारदार घरांत हे सर्रास आढळते. पीएफ डोळ्यांसमोर नसतो, त्याचा हप्ता हातात येत नाही, म्हणून तो ‘गुंतवणूक’ या शब्दात बसवला जात नाही. राहत्या घराची किंमत मात्र काही जण हौसेने धरतात. मी ती कधीच धरत नाही, कारण जे विकून फी भरायची नाही ते या वाटपात आणून उपयोग नाही. अंगावरच्या दागिन्यांनाही हेच लागू.

आता तारखा. मुलगी तीन वर्षांनी बारावी होऊन कॉलेजात जाईल. आजच्या भावाने खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी, वसतिगृह, खाणावळ आणि येणे-जाणे मिळून वर्षाला साडेतीन लाख आम्ही धरले. शिक्षणाचा खर्च दरसाल आठ टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरले, तर पहिल्या वर्षी चार लाख चाळीस हजार लागतील, चौथ्या वर्षी साडेपाच लाख, आणि चार वर्षांचे मिळून वीस लाख. मुलगा कॉलेजात जाईल तो नऊ वर्षांनी. त्याच शिक्षणाचा पहिल्या वर्षाचा खर्च तोवर दुप्पट होऊन सात लाखांवर गेलेला असेल आणि चार वर्षांचे साडेएकतीस लाख होतील. मेहुण्यांची निवृत्ती सोळा वर्षांवर आहे. एकाच घरात तीन वर्षांचा पैसा, नऊ वर्षांचा पैसा आणि सोळा वर्षांचा पैसा असे तीन निराळे पैसे आहेत, आणि ‘आमचे वाटप किती असावे’ या प्रश्नाला एकच टक्केवारी उत्तर म्हणून देणे म्हणजे या तिन्हींची सरासरी काढणे.

मुलीच्या वीस लाखांबद्दल मला जराही शंका नव्हती: ते सगळे डेटमध्येच हवेत, आणि आजपासूनच. इथे मेहुण्यांचा विश्वास सुकन्या खात्यावर होता. नऊ लाख आहेत, तीन वर्षांत आणखी भर पडून चौदा होतील, मग काळजी कसली, असे ते म्हणत होते. पण या खात्याचा नियम नीट वाचायला हवा. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर उच्च शिक्षणासाठी पैसे काढता येतात हे खरे, मात्र आधीच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकेच्या निम्म्यापर्यंतच, आणि तेही प्रत्यक्ष फीच्या मर्यादेत. उरलेले निम्मे खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी किंवा मुलीच्या लग्नाच्या वेळी मिळतात. हे खाते २०१६ मध्ये उघडलेले आहे, म्हणजे ते पुरते हाती येईल २०३७ मध्ये, मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असताना. तेव्हा वीस लाखांच्या समोर सुकन्या खात्याचे सात लाखच धरायचे. ज्यांनी मुलीचे सगळे शिक्षण या एका खात्यावर सोपवले आहे त्यांनी हे गणित आजच करून पाहावे, प्रवेशाच्या धावपळीत ते कळून काही हाती लागत नाही.

चौदा लाखांच्या ठेवींपैकी पाच लाख अडीअडचणीसाठी बाजूला काढले. नोकरी सुटली तर सहा-आठ महिने घर चालावे एवढी ती रक्कम आहे आणि तिला कोणत्याही हिशेबात हात लावायचा नाही. उरलेल्या नऊ लाखांचे, व्याजावरचा कर वजा जाता, तीन वर्षांत साडेदहा लाख होतील. सात आणि साडेदहा मिळून साडेसतरा होतात, म्हणजे अडीच लाख कमी पडतात. ते तीन लाख धरून इक्विटी फंडांतून काढावेत आणि ठेवीत ठेवावेत, असे मी सुचवले. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, पण एका आर्थिक वर्षात माणशी सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर तो लागत नाही. फंड दोघांच्या नावांवर विभागलेले असल्यामुळे तीन लाखांच्या विक्रीतला नफा या सवलतीत सहज बसला.

बहिणीला हे पटायला वेळ लागला. “फंड चांगले चाललेत, तेच मोडायचे? ठेवीवर काय मिळतं आता? तीन वर्षं राहू दे की तिथे, फी भरायच्या वेळी काढू.”

मी तिला २००८ चे आकडे दाखवले. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांच्या आसपास होता. त्या महिन्यात ज्यांची मुलगी दहावीत होती, अशा आईवडिलांची आपण कल्पना करू. मार्च २००९ मध्ये, मुलगी अकरावीत असताना, तो निर्देशांक आठ हजारांच्या थोडा वर आला होता, म्हणजे साठ टक्क्यांची घसरण झाली होती. जून २०१० मध्ये ती बारावी होऊन प्रवेशाच्या रांगेत उभी राहिली तेव्हा तो सतरा हजारांच्या आसपास पोहोचला होता. बाजार सावरला होता, त्या नोव्हेंबरात तो पुन्हा एकवीस हजारांवरही गेला; पण फीची तारीख जूनची होती. अडीच वर्षे वाट पाहून त्या आईवडिलांच्या हाती जानेवारी २००८ पेक्षा कमीच पैसे आले असते, आणि मधल्या काळात बँकेची साधी मुदत ठेव साडेआठ-नऊ टक्के देत होती. बाजार सावरतोच, असे आपण एकमेकांना सांगत असतो आणि आजवर ते खरेही ठरले आहे. मात्र तो कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे सावरत नाही.

ठेवीही सरसकट एकाच मुदतीच्या करू नयेत. प्रवेशाच्या चारही वर्षी मे-जूनच्या सुमारास एकेक ठेव संपेल अशा मुदती आम्ही निवडल्या, म्हणजे मधेच ठेव मोडून व्याज गमावावे लागणार नाही. नाशिकमध्ये सहकारी बँका अर्धा-पाऊण टक्का जास्त देतात आणि मेहुण्यांचा ओढा तिकडे होता. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंतच आहे, एवढे लक्षात ठेवून त्यांनी रक्कम दोन बँकांत आणि दोघांच्या नावांवर विभागली. डेट फंडांचा विचार मी केला होता, पण १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांवरचा नफा ठेवीच्या व्याजासारखाच उत्पन्नात मिळवून कर लागतो. तारीख ठरलेली आहे, रक्कम ठरलेली आहे, अशा वेळी मला ठेवच सरळ वाटते.

मुलीचे सुकन्या आणि ठेवी धरून एकवीस लाख आणि अडीअडचणीचे पाच लाख वेगळे काढल्यावर चोपन्न लाख उरले. त्यात पीएफ आणि पीपीएफ मिळून पस्तीस, आणि इक्विटी फंडांत एकोणीस. म्हणजे ज्या पैशाला नऊ ते सोळा वर्षे हात लागणार नाही, त्यात इक्विटी पस्तीस टक्के. खरा प्रश्न इथे सुरू होतो, आणि त्याचे उत्तर दोन बाजूंनी शोधावे लागते: महागाईच्या पुढे राहायला किती इक्विटी लागेल, आणि पडत्या बाजारात हे दोघे किती इक्विटी धरून ठेवू शकतील.

दुसऱ्या बाजूचे उत्तर प्रश्नावलीत टिकमार्क करून मिळत नाही, माणसाने पूर्वी काय केले ते पाहून मिळते. मार्च २०२० मध्ये निफ्टी जानेवारीतल्या उंचीपासून अडतीस टक्के खाली आली होती. त्या वेळी काय केले होते, असे मी दोघांना वेगवेगळे विचारले. मेहुण्यांनी एसआयपी थांबवली होती आणि दीड वर्षाने पुन्हा सुरू केली होती. विकले मात्र काही नव्हते. बहिणीला तर एसआयपी थांबवली होती हेच माहीत नव्हते. ही माहिती मला कोणत्याही सूत्रापेक्षा मोलाची वाटते. सत्तर टक्के इक्विटी कागदावर कितीही योग्य दिसली, तरी या घरात ती पडत्या बाजारात टिकणार नाही, कारण घसरणीत खरेदी थांबवणारा माणूस त्याहून मोठ्या रकमेच्या घसरणीत विकायला निघण्याची शक्यता बरीच असते. मग मी टक्के बाजूला ठेवून रुपयांत विचारले. २००८ सारखी साठ टक्क्यांची घसरण आज झाली, तर एकोणीस लाखांचे साडेसात-आठ लाख दिसतील, सव्वाअकरा-साडेअकरा लाख गेलेले दिसतील. मुलीची फी सुरक्षित आहे, अडीअडचणीचे पाच लाख सुरक्षित आहेत, पीएफ जागेवर आहे. असे असताना हा आकडा पाहून गप्प बसता येईल का? दोघांनी होकार दिला, बहिणीने थोडा विचार करून. मुलीची फी आधी वेगळी काढलेली नसती, तर तिने होकार दिला नसता असे तिनेच सांगितले, आणि मला ते अगदी खरे वाटते. जवळच्या तारखेचा पैसा सुरक्षित केला की दूरच्या पैशात धोका पेलण्याचे बळ येते.

या सगळ्यावरून दूरच्या पैशात निम्मी इक्विटी आणि निम्मे डेट, फार तर पंचावन्न टक्के इक्विटी, असे आम्ही ठरवले. तिथे पोहोचण्यासाठी काहीही मोडायची गरज नव्हती. पीएफमधून शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण काढलेली रक्कम पुन्हा तिथे नेऊन ठेवता येत नाही, आणि सव्वाआठ टक्क्यांचे असे डेट दुसरीकडे मिळत नाही. तेव्हा जुन्या पैशाला हात न लावता नव्या पैशाचा प्रवाह वळवायचा. आजवर त्यांचा प्रवाहही डेटकडेच झुकलेला होता: पीएफमध्ये दोघांचे आणि मालकांचे मिळून महिना अठरा हजार, पीपीएफमध्ये वर्षाला लाख, सुकन्या खात्यात पाऊण लाख, आणि इक्विटीची एसआयपी फक्त पंधरा हजारांची. मोकळा झालेला हप्ता ठेवीत गेला असता तर हा झुकाव आणखी वाढला असता. अठ्ठावीस हजार एसआयपीत मिळवले की ती त्रेचाळीस हजारांची होते. पीपीएफमध्ये खाते चालू राहावे म्हणून वर्षाला पाचशे रुपये भरले की पुरते.

पीपीएफचे हे बोलणे मेहुण्यांना सर्वांत जड गेले. “करमुक्त व्याज आहे, दादा, आणि सरकारची हमी. ते कमी करायचं?” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पीपीएफ हे उत्तमच साधन आहे, पण या घरात त्या प्रकारचा पैसा आधीच भरपूर आहे आणि पीएफ तो दरमहा आपोआप वाढवतो आहे. शिवाय नवी करप्रणाली निवडल्यामुळे पीपीएफच्या भरण्यावरची वजावट त्यांना मिळत नाही. ज्यांना पीएफ नाही, म्हणजे दुकानदार, वकील, स्वतःचा व्यवसाय असलेले लोक, त्यांना मी याच्या नेमके उलटे सांगेन: त्यांनी पीपीएफ पूर्ण दीड लाखांनी भरावे, कारण त्यांच्या वाटपाचा डेटचा पायाच तो असतो. शेवटी वाटाघाटीने पीपीएफचा वर्षाचा लाख पंचवीस हजारांवर आला आणि मी फार ताणले नाही.

इक्विटीने सरासरी दहा टक्के दिले आणि पीएफ-पीपीएफने आठच्या जरा खाली दिले असे धरले, तर पाच वर्षांनी इक्विटी चौसष्ट लाखांच्या आसपास आणि डेट सहासष्टच्या आसपास येते, म्हणजे निम्मे-निम्मे. दहा टक्के हे गृहीतक आहे, त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. बाजार पाच वर्षे जागचा हललाच नाही, तरी नव्या प्रवाहामुळे इक्विटी चाळीस-बेचाळीस टक्क्यांपर्यंत येते, आणि त्या वेळी घेतलेले युनिट स्वस्तात पडलेले असतात.

मुलाच्या शिक्षणासाठी वेगळी पेटी आज करायची गरज नाही, असे माझे मत पडले. साडेएकतीस लाख या दूरच्या पैशातूनच येतील, पण परतीचा रस्ता आत्ताच लिहून ठेवायला हवा. तो नववीत जाईल त्या वर्षापासून दरवर्षी त्याच्या खर्चाचा एक चतुर्थांश इक्विटीतून ठेवींत हलवायचा, म्हणजे बारावीच्या वर्षी चारही वर्षांची फी तयार असेल. बाजार वर असो वा खाली, हलवायचा. यात एक अवघड प्रसंग येऊ शकतो: नेमक्या त्याच वर्षी बाजार चाळीस टक्के पडलेला असेल. तेव्हा हलवायचे एक वर्ष पुढे ढकलायला हरकत नाही, कारण पहिल्या चतुर्थांशाला अजून चार वर्षे असतात. दोन वर्षे मात्र ढकलू नये, आणि अकरावीनंतर अजिबात नाही.

बाकी देखभाल थोडी आहे. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, दोघांनी बसून दूरच्या पैशाचे प्रमाण पाहायचे. पाच वर्षांनी निम्मे-निम्मे झाल्यावर ते पाच टक्क्यांपेक्षा जास्त सरकले असेल तरच काही करायचे, आणि तेही आधी एसआयपी कमी-जास्त करून. विक्री शेवटी, कारण विक्रीवर कर लागतो. इक्विटी फार खाली आली तर डेट मोडून ती घेता येईल का, असे मेहुण्यांनी विचारले. त्यांच्या डेटचा मोठा भाग पीएफमध्ये अडकलेला असल्याने तसे करता येणार नाही, आणि त्या वेळी एसआयपी न थांबवणे हेच त्यांच्या हातात असेल. ती थांबवायची तर दोघांच्या सहीनेच, असे बहिणीने तिथल्या तिथे बजावले.

एक गोष्ट अजून उघडी आहे. भाची डॉक्टर व्हायचे म्हणते आहे. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर वीस लाख पुरून उरतील, खासगीत घ्यायची वेळ आली तर ते दोन वर्षांतच संपतील. अशा वेळी तूट भरून काढायला निवृत्तीची इक्विटी किंवा पीएफ मोडू नये, भाचीच्या नावावर शैक्षणिक कर्ज काढावे, असे मी दोघांना सांगितले आहे. शिक्षणाला कर्ज मिळते, व्याजाचा दर ठेवीपेक्षा जास्त असला तरी ते फेडायला एक तरुण कमावती मुलगी पुढे असते, आणि साठाव्या वर्षी निवृत्तीसाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही. मेहुण्यांना हे अजून रुचलेले नाही. मुलीने कर्ज डोक्यावर घेऊन नोकरीला लागायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही, आणि त्यावर आमचे बोलणे चालू आहे.